हवेतल्या अक्षता

मीराच्या हातून आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं, निदान तिला तसं ठाऊक नव्हतं. त्या शनिवारी झालं, आणि तेही अशा कामात की ज्याबद्दल बॅप्टिस्ट अंकल गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या मीराच्या हाताखालून गेलेली फिल्म म्हणजे आंघोळ घालून, पावडर लावून पाळण्यात ठेवलेलं पोर."

वसईत, एव्हरशाइनच्या रस्त्याला बॅप्टिस्टचा छोटा स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत पासपोर्टचे फोटो, मागच्या खोलीत लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार पाचच्या सुमारास, बॅप्टिस्टने भंगारातून आठ मिलिमीटरचा एक जुना प्रोजेक्टर उचलून आणला. त्याचा तापणारा दिवा काढून थंड दिवा बसवला, समोर कॅमेरा लावला आणि अशी जुळणी केली की चक्र एक घर पुढे सरकलं की कॅमेऱ्याने एक चित्र टिपायचं. वसईच्या घराघरांत जहाजावरच्या माणसांनी आणलेल्या अशा फिल्मा पत्र्याच्या डब्यांत पडून होत्या. हळूहळू त्या स्टुडिओत यायला लागल्या. स्कॅन बॅप्टिस्ट करायचा, सफाई मीरा.

नर्मदाबाईंनी फिल्मची डबी आणली ती त्याच आठवड्याच्या सुरुवातीला. साठीच्या बाई, नेटकं सुती पातळ, आवाजात धार.

"माझ्या लग्नाची आहे. अडुसष्ट सालची. आमचे शेजारी जहाजावर होते, त्यांनी काढलेली. नवऱ्याने कधी बघू दिली नाही, मी रडेन म्हणून. तो गेला, आता कपाटातनं काढली."

"चांगली करून देऊ, आजी," मीरा म्हणाली.

"सगळी चांगली झाली नाही तरी चालेल. मला फक्त माझ्या दादाचा हात बघायचाय."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. आगाशीकडची वाडी, केळी आणि पानवेली. वडील लवकर गेले, मोठा भाऊ आत्माराम, त्यानेच वाढवलं. बहिणीसाठी त्याने शेजारच्या वाडीत शब्द टाकलेला, आणि हिने लग्न ठरवलं मुंबईला नोकरी करणाऱ्या घाटावरच्या मुलाशी. आत्माराम मांडवात आला, पण वऱ्हाडी म्हणून, भाऊ म्हणून नाही. यमुनाआत्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, मंगलाष्टकं झाली तरी आत्मारामाने मूठ उघडली नाही. अक्षता मुठीतच घरी नेल्या आणि कोंबड्यांना घातल्या.

"तेव्हापासून बोलणं नाही. एकोणचाळीस वर्षं. मी अंतरपाटामागे, मान खाली. मला काय दिसणार? आता भाचा फोन करतो, आत्या, बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे सोमवारी, मुंबईला. डॉक्टर हमी देत नाहीत. रविवारी चारला गाडी निघेल, त्याआधी येऊन जा." बाईंनी डबी काउंटरवर ठेवली. "मी म्हटलं, आधी बघते. त्याने माझ्यावर अक्षता टाकल्या असतील तर जाईन. कोंबड्यांना घातल्या असतील तर कोंबड्यांनाच बोलवा म्हणावं."

फिल्म वाईट अवस्थेत होती. डबी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. पट्टी आक्रसलेली, मध्ये एका ठिकाणी कडेची भोकं फाटून पारदर्शक टेपने चिकटवलेली. मीराने मऊ कापडावर औषध घेऊन ती हलक्या हाताने पुसली, बॅप्टिस्टने एकेक चित्र टिपून घेतलं, आणि पडद्यावर दिसलं ते असं: सगळा मांडव तांबूस, चित्र दिव्याच्या वातीसारखं फडफडतंय, उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ, आणि वर धुळीचा नुसता धुरळा. काळे ठिपके म्हणजे धूळ. दिव्याचा उजेड अडवते म्हणून काळी. पण पांढरे ठिपकेही तितकेच. आपल्या खाऱ्या हवेत फिल्मवर बुरशी चढते, ती रंगाचा थर खाते, आणि जिथे खाल्लं तिथून उजेड आरपार येतो.

रंग सगळ्यात शेवटी. धूळ असताना रंग वर काढले तर एकेक कण दिवाळीतल्या पणतीसारखा पेटतो, हे मीरा एकदा चुकून शिकली होती. म्हणून आधी चित्र स्थिर केलं, मग फडफड शांत केली. शेजारच्या चित्रांच्या उजेडाची सरासरी काढून प्रत्येक चित्र त्या पातळीवर आणायचं, पण दृश्य बदलेल तिथे थांबायचं. नाहीतर अंगणातला उजेड ओटीवर सांडतो. उभी रेघ प्रत्येक चित्रात त्याच जागी, म्हणून ती वेगळी, डाव्या-उजव्या कडेचे रंग ओढून बुजवायची. राहिले ठिपके. त्यांच्यासाठी संगणकाला एक साधी युक्ती शिकवलेली असते: मागचं चित्र बघ, पुढचं चित्र बघ, जे मधल्या एकातच आहे आणि दोन्हींकडे नाही, तो कचरा. काढ, आणि शेजारून चित्र घेऊन भर.

मीराने ही युक्ती आधी फिल्मच्या सुरुवातीच्या तुकड्यावर लावून पाहिली. केळीची बाग, विहिरीचा रहाट, हसणारा गडी. काळे ठिपके काढ, पांढरेही काढ. बाग धुऊन काढल्यासारखी झाली. तिला समाधान वाटलं, आणि तीच मापं तिने पूर्ण फिल्मला लावून दिली.

शनिवारी नर्मदाबाई येऊन खुर्चीत बसल्या. मांडव आला. अंतरपाट दिसला. आत्माराम खांबाशी उभा होता, पांढरी टोपी, ताठ मान. अंतरपाट खाली गेला, हार घातले गेले, माणसं पांगायला लागली, आणि मग आत्मारामाचा उजवा हात वर आला, झटकला गेला, बोटं उघडली. हातातून काहीच पडलं नाही.

"परत लावा," नर्मदाबाई म्हणाल्या.

मीराने परत लावलं. हात वर, बोटं उघडी, हवा स्वच्छ.

"रिकामा हात हलवला," बाई म्हणाल्या. "लोकांना दाखवायला. मूठ मिटून उभा राहिला असता तरी मी समजले असते, राग आहे म्हणून. हे तर नाटक."

त्यांनी सीडी पर्समध्ये टाकली, फिल्मची डबी घेतली आणि चपला सरकवल्या. दारात म्हणाल्या, "काम छान केलंत हो. एक ठिपका नाही."

गिऱ्हाइकाने बघून पसंत केलं की कच्ची प्रत, म्हणजे सफाईआधीचा स्कॅन, पुसायची, हा स्टुडिओचा नियम. डिस्क लहान, कामं फार. मीराने पुसली. त्याच जागेवर बॅप्टिस्टने संध्याकाळी कुणाच्या तरी बाप्तिस्म्याचा व्हिडिओ चढवला.

चातुर्मासात मीराचं लक्ष तांदळाचं व्रत होतं. रोज सकाळी एक हजार अक्षता, अखंड तांदूळ, हळदीने पिवळे केलेले, मोजून महादेवाला. तुटका दाणा बाजूला. आचोळ्याच्या तिच्या घरात देवघर पूर्वेच्या खिडकीपाशी होतं, आणि रविवारी ढग थोडे सरकल्यामुळे उन्हाची एक पट्टी पाटावर आली होती. पाचशे सदतीस झाले. पाचशे अडतीस. चिमटीतून दाणा सुटला आणि उन्हातून जाताना पिवळी रेघ ओढल्यासारखा चमकला. मग पिंडीवर बसला आणि साधा दाणा झाला.

मीराचा हात तसाच राहिला.

नवरीच्या केसांत अक्षता होत्या. तिला स्वच्छ आठवत होतं. वेणीवर, खांद्यावर, नवऱ्याच्या मुंडावळ्यांत पिवळे दाणे अडकलेले. ते आले कुठून? यमुनाआत्या हात उडवत होती, भटजी उडवत होते, शंभर माणसं हात वर करत होती, आणि पूर्ण मांडवात, पूर्ण मंगलाष्टकांत, हवेत एक दाणा नव्हता. कुणाचाच नाही. काल पडद्यापुढे बसलेल्यांनी फक्त एकच हात बघितला होता.

उडणारा दाणा एका चित्रात इथे, पुढच्यात वीतभर खाली. मागे नाही, पुढे नाही. उडताना पांढराच दिसणारा, बारीक. संगणकाला सांगितलं होतं तेच त्याने केलं. जे डोक्यावर जाऊन बसले ते राहिले, जे वाटेत होते ते कचरा म्हणून गेले.

घड्याळात पावणेदहा झाले होते.

व्रत मध्येच सोडायचं नसतं. तिने ताम्हनावर फुलपात्र पालथं घातलं, हात जोडले आणि मनात म्हणाली, राहिलेले तुझे, संध्याकाळी वाहीन. आत्ता दुसऱ्याचे शोधायचेत. मग स्कूटीची किल्ली घेतली.

नर्मदाबाई दार उघडून उभ्याच राहिल्या. आत ये म्हणाल्या नाहीत.

"आजी, माझी चूक झाली." मीराने सगळं सांगितलं, दाणा, युक्ती, बागेची मापं. सांगताना तिला कळत होतं की हे ऐकायला किती विचित्र आहे.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "म्हणजे अक्षता होत्या असं म्हणता?"

"तसं मला म्हणता येणार नाही. मी पुसलंय, पुसण्याआधी तिथे काय होतं ते मी पाहिलं नाही. इतके ठिपके होते की..."

"मग? तुमची चूक झाली म्हणून माझ्या भावाचा हात भरला, असं नाही ना होत."

"नाही होत."

"आणि तुमच्याकडची, पुसण्याआधीची प्रत?"

"ती पण मीच पुसली."

नर्मदाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की मीराला वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. मग त्या आत गेल्या आणि कापडी पिशवी घेऊन आल्या. "ही फिल्म. खाडीत सोडायला काढून ठेवलेली. मी सोबत येणार. आणि एक सांगते, आता तुम्ही काही धुवायचं-पुसायचं नाही. असेल तसं. आणि मला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"देवाची शपथ?"

"शपथ मी घेत नाही, आजी. पण नाही बोलणार."

बॅप्टिस्ट चर्चमधली मिस्सा आटोपून साडेअकराला आला तर दोघी बंद शटरपुढे उभ्या. मीराने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो टाळूवर हात फिरवत राहिला.

"ती पट्टी आणखी एकदा जाईल असं वाटत नाही गो. त्या दिवशीच फाटत होती. आणि जोड नेमका कुठेय माहितीये? मांडवात."

"मांडवातलीच हवीय. बाकीची नको."

"तुटली तर?"

उत्तर नर्मदाबाईंनी दिलं. "एकोणचाळीस वर्षं तुटलेलंच आहे. चालवा."

मोटर लावायची नाही असं ठरलं. बॅप्टिस्टने पट्टी चक्रांवरून हातानेच गुंडाळत मांडवापर्यंत आणली, भिंग लावून जागा शोधली, आणि मग मूठ धरून चक्र एकेक घर फिरवायला लागला. घर सरकलं की खट् आवाज, कॅमेऱ्याचं टिपणं, मग पुढचं. एका फुटात ऐंशी चित्रं. मांडवाचे जेमतेम पंधरा फूट. मध्येच पट्टी अडायची, तो फुंकर घालायचा, बोटाने सैल करायचा. "चल माझी बाय, चल," असं तो तिला म्हणत होता, जन्मभर मशिनांशी बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात.

दीड वाजला. मीरा पडद्यापुढे, शेजारी नर्मदाबाई. चित्र न पुसलेलं, तांबूस, फडफडणारं. मीरा एकेक चित्र पुढे नेत होती.

"ते," नर्मदाबाई म्हणाल्या. आत्मारामाच्या मुठीशेजारी पांढरा ठिपका होता, टपोरा. "ते तांदूळ."

एक होकार पुरला असता. बाई उठल्या असत्या, रिक्षा केली असती, आगाशीला वेळेत पोचल्या असत्या. मरणाच्या दारातल्या माणसाला बहीण भेटली असती, आणि कुणाचं काय बिघडलं असतं? मीराने पदर सावरला.

"नाही, आजी. ती बुरशी आहे. बघा, गोल आहे आणि कडा कुरतडलेली. उडता दाणा गोल दिसत नाही. कॅमेरा टिपेपर्यंत तो सरकतो, म्हणून रेघोटी उमटते."

नर्मदाबाईंनी वाकून ती कडा बघितली. मग म्हणाल्या, "बरं. पुढे."

यमुनाआत्याचा हात आला, आणि त्या हातापासून आठ-दहा बारीक रेघोट्या पंख्यासारख्या पसरल्या. पुढच्या चित्रात त्या खाली होत्या, लांबट. त्याच्या पुढच्यात आणखी खाली. काळी धूळ मात्र जिथल्या तिथे एकदा उमटून नाहीशी होत होती.

"या," मीरा म्हणाली. "या अक्षता."

"आत्याच्या." बाईंचा आवाज कोरडा. "तिच्या असणारच. तिने टाकल्या म्हणून तर सांगत फिरली."

दोन वाजून पाच मिनिटं. अंतरपाट खाली गेला. हार घातले गेले. माणसं पांगली. आत्मारामाचा हात वर यायला लागला, कोपर, मनगट, आणि मागच्या टेबलावर चर्र असा आवाज झाला.

"गेली," बॅप्टिस्ट म्हणाला.

जोड सुटला होता. पट्टीची दोन टोकं त्याच्या दोन हातांत. नर्मदाबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी मांडीवरच्या पर्सचा बंद घट्ट धरला. बॅप्टिस्टने भिंगाखाली पाहिलं. "दोन चित्रं फाटली. तिसऱ्यापासून शाबूत आहेत. थांबा." त्याने दुसरं टोक हातानेच फटीत सरकवलं, दोन बोटांनी ताणून धरलं. "मी घर फिरवत नाही, ओढतो. चित्र थोडं हलेल, चालेल?"

"चालेल," मीरा म्हणाली.

खट्.

हात आता खाली यायला लागला होता, बोटं उघडी. मीरा पुढे झुकली. फडफडीमुळे हे चित्र गडद होतं. हाताखाली तीन काळे ठिपके, धूळ. उजवीकडे उभी रेघ. आणि बोटांपासून हातभर अंतरावर, तिरप्या, एकमेकींना जवळजवळ समांतर, चार रेघोट्या.

मीराने ठरवलं होतं, आधी पुढचं चित्र.

खट्. रेघोट्या खाली. तीन. चौथी चौकटीबाहेर.

खट्. दोन. आता नवरीच्या डोक्यापाशी.

खट्. एक. आणि ती रेघोटी नव्हती. दाणा होता, नवरीच्या वेणीच्या वर, कानामागे बसलेला.

नर्मदाबाईंनी बोट पडद्याला लावलं. "पुढे न्या."

खट्. दाणा तिथेच. खट्. तिथेच. नवरी वळली, दाणा तिच्याबरोबर वळला.

"हा दाणा कालच्या सीडीत पण होता," मीरा हळूच म्हणाली. "बसलेला होता म्हणून राहिला. आला कुठून, तेवढंच मी पुसलं."

नर्मदाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला, आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून दाखवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "उशिरा टाकल्या. सगळं आटोपल्यावर. शाळेत सोडायचा तेव्हाही असाच. घंटा झाल्याशिवाय निघायचा नाही." त्या उठल्या. "किती वाजले?"

"अडीच," बॅप्टिस्ट म्हणाला. "रिक्षाने नका जाऊ, मी व्हॅन काढतो. पण रस्ता खराब आहे, आधीच सांगतो."

"मी आगाशीची आहे. मला रस्त्याचं काय सांगता."

व्हॅन गेली. मीरा एकटी राहिली, फाटलेली पट्टी आणि पंधरा फूट मांडव घेऊन. दोन चित्रं गेली होती, ती आता कुठूनच येणार नव्हती. तिने दोन्ही टोकं टेपने जोडली, भोकांना भोकं जुळवून. मग मांडवाचा तुकडा वेगळा काढला. या तुकड्यावर पांढऱ्या ठिपक्यांची युक्ती बंद. काळे संगणकाने काढावेत. पांढरे तिने स्वतः, एकेका चित्रात, डोळ्याने बघून. गोल आणि कुरतडलेला असेल तर बुरशी, पुसायची. रेघोटी असेल तर तिच्याभोवती खूण करायची की हिला हात लावू नये. बाराशे चित्रं होती. रंगाचं काम त्यानंतर.

पावणेचारला स्टुडिओचा फोन वाजला. पलीकडे गाडीचं इंजिन, बायकांची गडबड, आणि नर्मदाबाई.

"भेटला. ओळखलंच नाही आधी, मग ओळखलं." त्या दम घेत होत्या. "मी विचारलं, यमुनाआत्या म्हणते तू कोंबड्यांना घातल्यास. तर म्हणतो काय, घातल्या की. मूठभर होत्या, सगळ्या कशा टाकू, राग होता ना. चार तुला, बाकी कोंबड्यांना."

"चारच होत्या, आजी," मीरा म्हणाली. "मी मोजल्यात."

"हो, मी पण." फोनमध्ये कुणीतरी हाक मारली. "जाते, गाडीत बसतेय. त्याच्याबरोबर. ऐका, ती फिल्म नीट करा. पण त्या चार राहू द्या."

फोन ठेवून मीरा परत पडद्यापुढे बसली. पहिल्या रेघोटीभोवती तिने खूण केली, मग दुसरीभोवती. घरी देवघरात पालथ्या फुलपात्राखाली पाचशे अडतीस दाणे होते. उरलेले चारशे बासष्ट दिवेलागणीपर्यंत वाहायचे होते, आणि ती मोजत होती.